चिंचांकडचं गेट

आईचं माहेर जंगलात आहे, हे लहानपणी आम्हा भावंडांना खरं वाटायचं नाही. मळवलीतल्या बाकीच्या बायका माहेर म्हणून कामशेत सांगायच्या, फार तर वडगाव. आमची आई हात उंच करून पूर्वेकडं कुठंतरी दाखवायची आणि म्हणायची, "तितं गाडी जात न्हाई." गाडी जात नाही म्हणजे ते गोष्टीतलंच गाव असणार, असं मी धरून चालले होते. वडील रेल्वेत होते. तरणेपणी त्यांची बदली बल्लारशाला झाली, तिथं कुणी तरी स्थळ सुचवलं, आणि चंद्रपूरकडच्या जंगलातली मुलगी मावळात भात लावायला आली. इथली बोली तिनं इतकी उचलली की परकी आहे हे कुणाला सांगूनही पटायचं नाही. झोपेत बोलायची तेव्हा मात्र शब्द वेगळे असायचे.

पुढं ते जंगल वाघांसाठी राखलं गेलं आणि काही वर्षांपूर्वी आईचं गाव तिथून उठलं. माणसांना जंगलाबाहेर घरं मिळाली, जमिनी मिळाल्या. मामाही तिकडं राहायला गेला आणि तिथंच वारला. गाव उठल्याचं आईला फोनवर कळलं तेव्हा ती उन्हात पापड घालत होती. तिनं फोन ठेवला आणि उरलेले पापड घालून टाकले. मला तेव्हा तिचा राग आला होता. एखादी बाई अशी कशी असू शकते, असं वाटलं. मला राग लवकर येतो आणि बहुतेक वेळा चुकीच्या माणसाचा येतो.

गेल्या हिवाळ्यात आईला एका डोळ्यानं दिसेनासं झालं. दुसऱ्याचं काही खरं नाही, असं डॉक्टर म्हणाले. दवाखान्यातून परत येताना गाडीत ती सहज बोलल्यासारखं बोलली, "दिसतंय तवर येकदा आमचं गाव बगून आलं पायजे." गाव उरलेलं नाही, हे तिला आमच्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. दादा गाडी चालवत होता. त्यानं आरशातून तिच्याकडं बघितलं आणि म्हणाला, "आये, मी नेतो तुला."

दादा लोणावळ्यात भाड्यानं गाड्या देतो. पावसाळ्यात भुशी धरणावर येणारी माणसं वर्षभर पुरतील एवढे पैसे आणि डोकेदुखी देऊन जातात, असं तो म्हणतो. कुठल्याही ठिकाणचं बुकिंग म्हणजे त्याच्या डाव्या हातचा मळ. आठ दिवसांत त्यानं सगळं जमवलं. जंगलाच्या मोठ्या गेटाची सकाळची सफारी, सहा जणांची अख्खी जिप्सी आम्हा तिघांसाठी, गेटाजवळच राहायला खोली. फोनवर मला सांगताना त्याचा आवाज फुलला होता. "सगळ्यात भारी गेट आहे. तिथल्या झोनमध्ये वाघीण पिल्लं घेऊन फिरतीये. लोक चार-चार महिने आधी बुक करतात, मला एकानं रद्द केलेलं मिळालं."

मी सोमाटण्याला दिलेली. रविवार धरून मळवलीला गेले, तेव्हा दादा आईच्या ओट्यावर बसून त्या खोलीच्या मालकाशी फोनवर बोलत होता. आई शेजारी वाल सोलत होती. जेवणाचं ठरलं, गाडीचं ठरलं, आणि मग दादानं कौतुकानं सांगितलं, की आमच्या आईचं माहेर तुमच्याच जंगलातलं बरं का, आणि गावाचं नाव घेतलं. पलीकडचा माणूस लगेच बोलला. फोन स्पीकरवर होता, म्हणून आम्हा तिघांनाही ऐकू आलं.

"ते आमच्या गेटातून नाही येत ना जी. ते दुसऱ्या झोनमध्ये आहे. त्याचं गेट वेगळं."

"जंगल एकच ना भाऊ? आत शिरल्यावर गाडी थोडी पुढं घ्यायला सांगू."

"नाही नेता येत. ज्या गेटाचं परमिट, त्याच झोनच्या रस्त्यावर गाडी फिरते. गाइडलाही बाहेर जाता येत नाही."

"मग सकाळी लवकर त्या गेटावर जाऊ आम्ही. परमिट तर आहेच."

"परमिटवर गेट लिहिलेलं असते जी. तिथं नाही सोडणार. आणि बाहेरच्या रस्त्यानं दोन तास लागतात तिथं जायला."

दादानं फोन ठेवला आणि त्या माणसाला काही कळत नाही, असं आम्हाला सांगितलं. त्याची चूक अगदी मावळातल्या माणसाची होती. आम्ही लोहगडाच्या पायथ्याशी वाढलेले. मळवलीकडून चढा नाहीतर पवनेकडून, वर एकच गड असतो, आणि कुठून आलात हे तिथं कुणी विचारत नाही. दार म्हणजे नुसती आत शिरायची जागा, हे आमच्या अंगात मुरलेलं. जंगलाला वेगवेगळी दारं असतील आणि प्रत्येक दारामागं जंगलाचा फक्त आपापला तुकडा असेल, हे माझ्याही डोक्यात कधी आलं नव्हतं.

मग त्यानं त्या दुसऱ्या गेटाची माहिती काढली. गाड्या भरपूर शिल्लक होत्या. "का शिल्लक आहेत बघ," तो म्हणाला. "तिथं वाघ दिसत नाही सहसा. झाडी दाट, वस्ती लांब. आये, एवढ्या लांब जायचं आणि हरणं बघून यायचं व्हय? गाव तर काय राहिलं न्हाई तितं. जंगल ते जंगल. मोठ्या गेटातनं जाऊ, वाघीण बघ, पिल्लं बघ. डोळ्याचं पारणं फिटंल."

मला आतून कळत होतं की त्याला वाईट काही करायचं नाहीये. आईला सगळ्यात भारी ते द्यायचं, एवढंच त्याच्या मनात. पण मी चिडलेच. मी म्हटलं, तुझ्या गिऱ्हाइकांना दाखव वाघीण. तो म्हणाला, तुला काय कळतं बुकिंगमधलं. आमची अशी जुंपली असताना आई वाल सोलतच होती. तिचं सोलणं थांबलं तेव्हा आम्ही गप्प झालो.

"वाग मी लय बगितल्यात," ती म्हणाली. "म्हशी पाण्यावर न्यायचो तवा पल्याडच्या काठाला बसलेला असायचा. त्यासाटी न्हाई जायाचं मला."

मग ती वालांकडंच बघत बोलली. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून वडिलांनी तिला गावी पोचवलं होतं. मुलगा झाला. बारशापर्यंतही राहिला नाही. घरामागं तीन चिंचा होत्या, त्यातल्या मधल्या चिंचेखाली आजोबांनी त्याला पुरलं. ओली बाळंतीण म्हणून आईला तिथं जाऊ दिलं नाही. पुढं वडील घ्यायला आले आणि ती मळवलीला आली. नंतर माहेरी गेली तेव्हा कडेवर दादा होता. अंगावर पिणारं पोर घेऊन त्या झाडाखाली जायचं नाही, असं आजीनं बजावलं. मग आजी गेली, जाणं कमी झालं, आणि शेवटी गावच उठलं.

"मानसं गेली, घरं गेली. चिंचा कोन कशाला तोडतंय. असतील तितंच," आई म्हणाली.

दादाला सगळे थोरला म्हणतात. आमच्या घरात, भावकीत, लोणावळ्याच्या स्टँडवरसुद्धा. तो उठून अंगणात गेला आणि उगाच गाडीची काच पुसत बसला. संध्याकाळी त्यानं त्याच दिवसाचं दुसऱ्या गेटाचं परमिट काढलं. आमच्या तिघांच्या ओळखपत्रांवरची नावं त्यानं दोनदा ताडून बघितली. मोठ्या गेटाचं परमिट त्यानं तसंच वाया जाऊ दिलं.

त्या गेटावर आम्ही पहाटे पोचलो तेव्हा आमच्याखेरीज एकच जिप्सी होती. थंडी मावळातल्यासारखी ओली नव्हती, कोरडी होती, आणि तिला पानांचा वास होता. परमिट आणि ओळखपत्रं बघून झाली, मोबाइल ठेवून घेतले, गाइड पुढं ड्रायव्हरशेजारी चढला. आडवा बांबू वर गेला आणि आम्ही आत शिरलो.

त्या सकाळचं मला सलग काही आठवत नाही. धुकं जमिनीलगत पसरलेलं, त्यातून वर आलेली सागाची मोठाली पानं. चितळांचा एक कळप रस्त्यात उभा होता, तो बाजूला झाला आणि जणू तिथं नव्हताच, असं वाटत राहिलं. शाल डोक्यावरून घेतलेली आई मध्ये बसली होती आणि तिचे ओठ हलत होते. कान देऊन ऐकलं तेव्हा कळलं, ती झाडांची नावं घेत होती. धावडा, मोह, तेंदू, ऐन. तिच्या झोपेतल्या बोलण्यातले शब्द ते हेच, हे मला तेव्हा उमगलं, आणि मला फार एकटं वाटलं. माझी आई माझी नसतानाही कुणीतरी होती, हे कळायला मला पन्नाशी गाठावी लागली.

मग झाडी एकदम संपली आणि कुरण लागलं. पिवळं, कमरेएवढं गवत, लांबवर चरणारे दोन-तीन गवे. "हे जुनं गाव," गाइड म्हणाला. घराचा एक दगडही दिसत नव्हता. पण कुरणाच्या कडेला, रस्त्यापासून हाकेच्या अंतरावर, तीन चिंचा उभ्या होत्या. दादानं गाडी थांबवायला सांगितलं.

आई उठली. तिनं शाल नीट केली, पदर खोचला आणि एक पाय गाडीच्या कडेकडं टाकला.

"आजी, खाली उतरता येत नाही," गाइड म्हणाला. त्याचा आवाज मऊ होता, पण त्यानं हात आडवा धरला.

दादा त्याला म्हणाला, दोनच मिनिटं. गाइडनं मान हलवली. गवत उंच आहे, त्यात काय बसलेलं असेल सांगता येत नाही, आणि मी उतरू दिलं तर माझं काम जाईल, असं तो म्हणाला. दादानं पुन्हा तोंड उघडलं, तेव्हा आईनंच त्याचा दंड धरला. "ऱ्हाऊ दे. त्याचं बरोबर हाय," ती म्हणाली. मला रडू फुटलं. एवढं बरोबर दार शोधून यायचं आणि उंबऱ्यावरूनच परतायचं, हे मला सहन होईना.

आई खाली बसली नाही. दादाचा दंड धरून ती उभीच राहिली, आणि चांगला डोळा त्या झाडांकडं यावा म्हणून तिनं मान जरा वळवली. मधली चिंच बाकी दोघींपेक्षा डेरेदार होती. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं.

"ह्यो बग," आई झाडाकडं बघत म्हणाली, नेहमीच्याच आवाजात, शेजारणीला सांगावं तसं. "ह्यो तुजा धाकला भाऊ. मागच्या टायमाला कडेवर व्हता, म्हनून आनता न्हाई आला."

दादानं डोक्यावरची टोपी काढली आणि तो तिच्या शेजारी सरळ उभा राहिला.