हा संगमरवर नाही

संगमरवरी कड्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या भेडाघाटला, धुआंधार धबधब्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका बाईंचं मूर्तींचं दुकान आहे. नवरा कोरतो, त्या विकतात. गिऱ्हाईक कितीही घाईत असो, मूर्ती कागदात गुंडाळण्याआधी त्या ती उलटी करतात आणि बुडाला अंगठ्याच्या नखाने ओरखडा काढून दाखवतात. पांढरी भुकटी निघते. मग म्हणतात, "देख लो भैया, यह संगमरमर नहीं, गोरा पत्थर है। बाद में मत कहना।" गोरा पत्थर हा मऊ, स्वस्त दगड; संगमरवर नखाने ओरखडत नाही. त्यांच्या सासूबाईंपासून हे चालत आलंय. ते पाहून गिऱ्हाईक निघून गेलं तरी चालतं, पण ओरखडा चुकत नाही.

ह्या बाईंना खोटारडं ठरवलं गेलं, आणि ते काम ज्या ऑफिसातून झालं तिथे मी नोकरी करते. आजही आठवलं की डोक्यात तिडीक जाते.

ऑफिस सराफ्यात, एका दागिन्यांच्या दुकानाच्या वर. आसपासच्या छोट्या दुकानदारांचा माल एका मोठ्या ऑनलाइन बाजारात चढवायचा हा आमचा धंदा. दुकानदार तक्ता भरून देतो: वस्तू, दगड, रंग, उंची, वजन, गाव. खाली दोन ओळी मोकळ्या असतात, त्यात त्याला काय सांगायचं ते. पूर्वी त्यावरून वर्णन मी लिहायची. आता एआयचं भाषेचं मॉडेल लिहितं, आणि लिहिलेलं तीन तपासण्यांतून जातं. अक्षरं मर्यादेत आहेत का, बाजाराने बंदी घातलेले शब्द आलेत का, आणि तक्त्यात नसलेली माहिती मजकुरात घुसलीय का. नापास झालं तर कारण सांगून मजकूर मॉडेलकडे परत जातो, ते पुन्हा लिहितं. पास झालं की हिरवी खूण, आणि माल थेट बाजारात. वारंवार नापास होणारं तेवढं माझ्या पुढ्यात येतं. हिरवं झालेलं कोणीच वाचत नाही.

तपासण्या बिनकामाच्या आहेत असं मी म्हणणार नाही. एका दगडी हत्तीला मॉडेलने 'घर के रोग हरने वाला' करून टाकलं होतं, ते तिथेच अडलं. सहा इंची गणपती आठ इंची झाला होता, तोही पकडला गेला. म्हणून तर आमचे मालक निर्धास्त होते. मालक दीक्षितपुऱ्यातल्या मराठी घरातले, माझ्याहून लहान. मी त्यांना भाऊ म्हणते, ते मला ताई.

पावसाळा संपता संपता त्या बाई ऑफिसात आल्या. एका हातात हत्ती, दुसऱ्यात मोबाइल. बाजाराने त्यांचं ऑनलाइन दुकान बंद केलं होतं. 'संगमरवर म्हणून दुसराच दगड दिला' अशा तक्रारी साठल्या होत्या. खुलासा पटला नाही तर दुकान कायमचं जाणार होतं, आणि दिवाळीचा सगळा माल कोरून तयार होता.

"मैंने लिख के दिया था, दीदी," त्या मला म्हणाल्या. "हर एक में लिखा था कि यह संगमरमर नहीं है।"

भाऊंनी स्क्रीनवर पाहिलं आणि मान हलवली. "सब ग्रीन है। हमारी तरफ से कोई गलती नहीं। आपने ही कुछ गलत भरा होगा।"

ज्या बाई गिऱ्हाईक गमावून खरं सांगतात त्यांना हा माणूस खुर्चीतून न उठता सांगतो, तुम्हीच चुकीचं भरलं! वर खुलासाही त्याने मॉडेलकडूनच लिहून घेतला: 'विक्रेत्याकडून अपूर्ण माहिती मिळाल्यामुळे झालेली गैरसोय.' साळसूदपणाची हद्द झाली. तो मजकूर वाचून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"हे पाठवायचं नाही," मी म्हणाले.

"ताई, काहून एवढ्या तापून राहिल्या? मशीन काय खोटं बोलते?"

"चला, बघूच. माझ्यासमोर चालवा."

त्यांनी त्याच हत्तीचा तक्ता पुन्हा चढवला. आम्ही तिघं स्क्रीनसमोर. मॉडेलने पहिल्यांदा लिहिलं ते चांगलं होतं, शेवटी बाईंचं वाक्यही होतं: 'यह संगमरमर नहीं, गोरा पत्थर है।' लगेच लाल खूण आली. कारण: 'संगमरमर' हा दगड तक्त्यात नाही.

भाऊंनी तपासणीचे नियम उघडले. तपासणी फक्त दगडांची नावं शोधत होती. रकान्यात 'गोरा पत्थर' होतं आणि मजकुरात संगमरवर आला, एवढंच तिला कळत होतं. पुढचं 'नहीं' तिच्या हिशेबातच नव्हतं. बाईंच्या दोन ओळी तर ती उघडतही नव्हती, तिला ताडून पाहायला दिले होते ते फक्त रकाने.

मजकूर परत गेला आणि मॉडेलने सांगितल्याप्रमाणे तो शब्द काढला. त्यासोबत अख्खं वाक्य गेलं. रिकाम्या जागी आलं: 'भेड़ाघाट की श्वेत शिलाओं की धरती से, दूधिया सफेद हाथी।' पांढरा रंग तक्त्यात होता, भेडाघाटही होतं. गोरा पत्थर वर कुठेतरी मधल्या ओळीत राहिला होता, पण बाहेरच्या माणसाला तो काय कळणार? भेडाघाट आणि दुधी पांढरा म्हटलं की तो संगमरवरच समजणार. एकही शब्द खोटा नाही आणि सगळं मिळून फसवणूक. हिरवी खूण आली.

बाईंनी वाचलं. "अच्छा," एवढंच म्हणाल्या. मग हत्ती माझ्या टेबलावर उलटा ठेवून त्यांनी नखाने ओरखडा काढला. दाखवायला गिऱ्हाईक नव्हतं, पण हाताला दुसरं काही सुचलं नसावं.

मला मॉडेलचा राग आला नाही. त्याने पहिल्यांदा खरंच लिहिलं होतं. राग आला तो भाऊंचा, आणि नुसता दगडाच्या नावाचा शब्द शोधणाऱ्या तपासणीला 'सत्याची तपासणी' म्हणून दुकानदारांत मिरवणाऱ्या आम्हा सगळ्यांचा. ज्या बाईंकडून आम्ही खरं शिकायचं, त्यांचंच खरं आम्ही पुसलं आणि वर त्यांनाच दोष दिला. मी हे भाऊंना तोंडावर सांगितलं, आवाज चढवून. खालच्या दुकानातला माणूस जिन्यात येऊन उभा राहिला.

"चलो, लिहा मग," भाऊ म्हणाले. "टेक्निकल गडबड झाली म्हणून लिहा."

"गडबड नाही. चूक. आणि आमची."

खुलासा मी हाताने लिहिला, मॉडेलला शिवूही दिलं नाही, आणि खाली भाऊंचं नाव घालूनच पाठवला. तक्त्यात दुकानदाराच्या स्वतःच्या वाक्यासाठी एक नवा रकाना झाला. त्यातलं वाक्य मॉडेलकडे जातच नाही, मजकूर तपासून झाल्यावर जसंच्या तसं शेवटी जोडलं जातं, आणि तेवढी अक्षरं मर्यादेतून आधीच बाजूला काढलेली असतात. दुकान उघडलं, पण दिवाळी होऊन गेल्यावर. जुन्या तक्रारी दुकानाच्या नावाखाली अजून दिसतात. त्या काढत नाहीत म्हणे.

मध्यंतरी नवीन मालाचे फोटो घ्यायला मी भेडाघाटला गेले. बाईंनी चहा दिला, नव्या रकान्याबद्दल मी सांगितलं ते ऐकून घेतलं. मग एक हत्ती उलटा करून माझ्यापुढे धरला. ओरखड्याच्या जागी आता छिन्नीने अक्षरं कोरली होती: संगमरमर नहीं. फळीवरच्या प्रत्येक मूर्तीच्या बुडाला तेच.

"इनसे खुदवाया," नवऱ्याकडे बोट करून त्या म्हणाल्या. "पहली फोटो इसी की लेना, दीदी।"

नवरा मान खाली घालून पुढचा हत्ती कोरत होता. एवढं सुंदर काम, आणि आमच्यामुळे त्याला त्यावर आपल्या नावाऐवजी हे कोरावं लागत होतं. मी फोटो घेतला.