शेवटचा भाव

साखर कारखान्याच्या खरेदी विभागात माझ्या टेबलासमोर बसून शहाणे विक्रेतेही चुका करायचे, आणि मला ते बघायला आवडायचं. एकदा ऊस वाहून नेणाऱ्या साखळीसाठी आम्ही कोटेशन मागवली. बेल्ह्याच्या बैलबाजारात वाढलेल्या एका विक्रेत्याने दर मुद्दाम चढा लावला. घासाघीस होईलच, तेव्हा उतरू, हा त्याचा हिशेब.

पाकिटं फोडली. साखळी आमच्या मोजमापात बसते का, हे आधी पाहिलं. मग वाहतूक आणि करासकट ती गेटपर्यंत केवढ्याला पडते, कधी येते, गॅरंटी किती, याला गुण दिले. गुणांत हा विक्रेता दुसरा आला, आणि वाटाघाटीला आम्ही फक्त पहिल्याला बोलावतो.

"साहेब, मला इचारलंच न्हाई तुमी! माझा शेवटचा भाव लई खाली व्हता," तो तणतणत आला.

"मग तो खिशात कशाला ठेवला? गुण कागदाला मिळतात," मी तोऱ्यात ऐकवलं.

पुढच्या हंगामाआधी त्याने थेट शेवटचा भावच कागदावर लिहिला, वाहतुकीसकट. सर्वांत जास्त गुण त्यालाच मिळाले. रीतीप्रमाणे त्याला बोलावलं, चहा मागवला आणि सवयीने विचारलं, "बोला, आता अजून किती कमी करता?"

त्याने कप खाली ठेवला.

"साहेब, आमच्या बाजारात शेवटचा भाव ऐकला की गिऱ्हाईक बैलाचं दावं धरतं, न्हाईतर घरची वाट. तुमी चहा पाजता."