चार आटे हाताने

माझ्या वडिलांच्या हातून आयुष्यात पाइपाचा एकच जोड गळला, आणि तो त्यांनी केलेला नव्हता. मी केला होता. हे मी तेव्हाच सांगायला हवं होतं. तेव्हा मी तेवीस वर्षांची होते आणि बोलण्यात कुणाला ऐकत नव्हते.

घाटकोपरच्या टेकडीवर आमची वस्ती. खाली रस्त्यापर्यंत महापालिकेचं पाणी, वर एक थेंब नाही. बायका हंडे घेऊन सव्वाशे पायऱ्या चढायच्या. याविरुद्ध दोन वर्षं मी पत्रकं लिहिली, स्टेन्सिल कापली, दारोदार वाटली, वॉर्ड ऑफिसच्या दारात बसून घोषणा दिल्या. "पाणी हक्काचं, नाही कुणाच्या बापाचं!" ही ओळ माझीच. बाबा ती ऐकून हसायचे. "बापाक कशाक मधी आणतंस गो?"

शेवटी मंजुरी आली. अट अशी, की खालच्या मुख्य लाइनपासून वरच्या नळापर्यंत पाइप वस्तीने स्वतः टाकायचा. मग पालिकेचा साहेब येणार, चर उघडा असतानाच पाणी सोडून एकेक जोड बघणार, पास केला तर कनेक्शन चालू. पास नाही झालं, तर पुन्हा अर्ज, पुन्हा रांग.

वस्तीच्या सभेत प्रश्न निघाला, काम कोण करणार? सगळ्यांनी बाबांकडे बघितलं. बाबा गिरणीत सव्वीस वर्षं पाइप फिटर होते. गिरणी बंद पडली त्याला तीन वर्षं झाली होती. तीन वर्षांत त्यांना कुणी काहीच विचारलं नव्हतं. ते सकाळी उठायचे, दाढी करायचे आणि ओट्यावर बसून खोकायचे. छातीत कापूस बसला होता. त्या सभेत ते उभे राहिले आणि म्हणाले, "एक पण जोड गळाचो नाय. माझो शब्द." दुसऱ्या दिवशी पलंगाखालून हत्यारांची पेटी निघाली.

कामाला मीच त्यांच्या हाताखाली होते. पाइप व्हाइसमध्ये धरायचा, करवतीने सरळ कापायचा, तोंडाच्या आतली धार गोल कानशीने काढायची. मग आटे पाडायची डाय. लोखंडी चौकट, दोन्ही बाजूंना लांब दांडे, मधोमध दात. ती पाइपाच्या तोंडावर चढवायची, तळहाताने दाबत पहिला आटा धरेपर्यंत फिरवायची आणि मग दोन्ही दांड्यांवर जोर द्यायचा. अर्धा फेरा पुढे, थोडं मागे, म्हणजे लोखंडाचा कीस तुटून पडतो. पुन्हा अर्धा फेरा. आणि प्रत्येक वेळी तेल. बाबांकडे चोच असलेली तेलाची बुदली होती, ती त्यांच्या डाव्या हातातून सुटायची नाही.

"बाबा, किती तेल! नदी वाहतेय."

"सुको घास तुझ्या गळ्याखाली उतरता काय? मग लोखंडाच्या कसो उतरात? तेल नाय घातला तर आटो कापला जाणा नाय, फाटता."

कुठे थांबायचं तेही त्यांनी शिकवलं. पाइपाचं टोक आतून येऊन डायच्या पुढच्या तोंडाशी सपाट झालं, की बस. एक इंची पाइपाला पाऊण इंचभर आटे. "ह्यो आटो उतरतो असता. टोकाक बारीक, मागे जाडो. म्हणान तर आवळता. तू पुढे फिरवीत ऱ्हवलंस तर पुढचो भाग सगळो बारीक, आणि आवळूक काय उरला?" आणि मग तपासणी. कापलेल्या आट्यांवर कोरडं सॉकेट, म्हणजे दोन पाइप जोडणारी आतून आट्यांची नळी, नुसत्या हाताने फिरवायचं. चार आटे गेलं आणि अडलं, तर बरोबर. पुढचे दोन-तीन पान्याने आवळायचे, एक-दोन बाहेर दिसायला हवेत. दोनच आट्यांवर अडलं तर कमी कापलंय. सरसर आतच गेलं तर पाइप वाया. प्रत्येक जोडाला ते मला विचारायचे, "हातान किती?" मी म्हणायचे, "चार." मग ते गळती अडवायला सूत गुंडाळायचे, वर सफेद्याचा लेप लावायचे आणि पाना हातात घ्यायचे.

मला हे सगळं फार हळू वाटायचं. खरं सांगते, कंटाळा यायचा. मी पत्रक छापून मोकळी झाले होते. रविवारी सकाळी आठ वाजता पाणी येणार, सर्वांनी जमावे. नारळ, झेंडू, सगळं ठरलं होतं.

शनिवारी दुपारी शेवटचा तुकडा राहिला. चढावरच्या एका घराची पायरी मध्ये आली म्हणून लाइन वळवली होती, आणि नळाच्या खालच्या एल्बोपर्यंतचा, म्हणजे काटकोनी जोडापर्यंतचा पाइप नव्याने कापायचा होता. एक टोक कारखान्यातूनच आटे पाडून आलेलं, दुसरं पाडायचं. नेमका बाबांचा दम चढला. आई त्यांना दवाखान्यात घेऊन गेली. जाताना ते म्हणाले, "मी परत इल्यार करतंय. तू हात लावू नको."

मी हात लावला.

बुदलीत तेल तळाला होतं. बाजारात जाऊन आणायला हवं होतं. मी म्हटलं, एका तोंडाला काय लागतं? दोन थेंबांत भागवलं. डाय करकर ओरडायला लागली. मी जोर वाढवला. टोक डायच्या तोंडाशी आलं तेव्हा मी थांबले नाही. मला वाटलं, हा शेवटचा जोड, नळाच्या जवळचा, यावर सगळ्यांचे हात पडणार, जरा जास्त पकड असू दे. आटे जास्त म्हणजे पकड जास्त. घोषणा दहादा दिली की साहेब ऐकतो, तसंच. अजून चार आटे पाडले. इंचाच्याही वर गेले.

सॉकेटमध्ये हाताने फिरवला तर पाइप आठ आटे आत गेला. आठ! कुठेही न अडता. मी खूश झाले. एवढा सुरेख तर बाबांचाही जात नाही, असं मनात आलं. सूत, सफेदा, पाना. पान्याला फार जोर लागला नाही. बाहेर दोन आटे उरले, नेहमीसारखेच.

संध्याकाळी बाबा आले. चरात वाकून त्यांनी जोडाकडे बघितलं. बाहेरून सगळं ठीक होतं. त्यांनी विचारलं, "हातान किती?"

आता मला आठवलं, चार. आणि मी म्हणाले, "चार."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग काळवंडलेला हात माझ्या डोक्यावर ठेवला. "झाला. फिटरची पोर." पाना त्यांनी उचललाच नाही. शंभर जोडांतला तेवढाच एक त्यांनी हलवून बघितला नाही, कारण तो मी केला होता.

रविवारी आठला अख्खी वस्ती चराच्या दोन्ही बाजूंना. साहेब आला. खाली व्हॉल्व्ह उघडला. पाइप खडखडला, हवा सुटली, नळातून आधी गढूळ आणि मग स्वच्छ पाणी. बायकांनी टाळ्या वाजवल्या. साहेबाने नळ बंद केला, म्हणजे पाण्याचा दाब लाइनवर येईल, आणि खालून वर एकेक जोड बोटाने पुसत आला. कोरडा. कोरडा. कोरडा. माझ्या जोडापाशी थांबला. सफेद्यातून थेंब येत होता. मग धार.

"हे काय?"

बाबा चरात उतरले. पाना लावला, आवळायला गेले. घट्ट होण्याऐवजी पाइप लोण्यासारखा फिरला, आणि त्याच्यासोबत झेंडूची माळ घातलेला उभा नळ आडवा कलंडला. माळ चिखलात. कुणीतरी हसलं. आत पाइपाला पाइप भिडला आणि पाना अडला, पण धार चालूच.

बाबांना त्या क्षणी सगळं कळलं. पान्यातून कळलं. त्यांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. राग असता तर मी बोलले असते, रागाला उत्तर द्यायला मला येत होतं.

"गिरणीतला फिटर म्हणे! म्हणूनच बंद पडली गिरणी," मागून एकजण म्हणाला.

"काका, शब्द दिला होता ना तुम्ही?" दुसरा.

बाबा म्हणाले, "चूक माझी. माका हल्ली नीट दिसणा नाय."

साहेबाने वहीत काहीतरी लिहिलं, व्हॉल्व्ह बंद केला आणि गेला. मी तिथेच उभी होते. हातात पत्रकांचा गठ्ठा. मेगाफोनशिवाय टेकडीच्या टोकापर्यंत ऐकू जाणारा माझा आवाज. चार शब्द पुरले असते. मी मनात म्हटलं, घरी गेल्यावर बाबांची माफी मागू, मग सभेत सांगू. घरी बाबांनीच विषय काढू दिला नाही. "ऱ्हवांदे. तुझ्या बोलण्यावर लोक वॉर्ड ऑफिसात येतत. तुझा नाव खराब होऊन चालाचा नाय. माझा काय?"

आणि मी ते ऐकलं. ते मला सोयीचं होतं म्हणून ऐकलं.

वस्तीने दुसरा प्लंबर आणला. त्याने माझं टोक कापून गटारात टाकलं, नवे आटे पाडले, नळ दोन बोटं अलीकडे घेतला. एका जोडाचं काम. बाकी सगळे जोड बाबांचेच होते, अजूनही आहेत. महिनाभराने पाणी आलं. बाबा बघायला आले नाहीत. पेटी पुन्हा पलंगाखाली गेली, आणि दाढी करणंही हळूहळू थांबलं. पुढच्या थंडीत ते गेले.

तेराव्यानंतरच्या सभेत मी उठून उभी राहिले आणि सांगितलं. तेल घातलं नाही, आटे जास्त पाडले, खोटं बोलले, सगळं. मग शेजारची मावशी, जिच्या दारातूनच तो पाइप जातो, पुढे आली, मला जवळ घेतलं आणि पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "कळतं गं. बापाचं नाव राखायला लेक एवढं तरी करणारच. तुला बोलायला छानच येतं. पण आता कोण काय म्हणतंय त्यांना? म्हातारपणी होतं असं."

मी ओरडून सांगितलं. जितकं ओरडले तितकी त्यांची मान सहानुभूतीने हलत गेली.

घरी येऊन पेटी उघडली. पुरावा मिळाला. बाबांनी ते कापलेलं टोक गटारातून उचलून आणलं होतं, पुसून, तेल लावून ठेवलं होतं. बारा आटे, कडा फाटलेल्या. बाजूला एक इंची सॉकेट होतं. मी ते टोकावर चढवून नुसत्या हाताने फिरवलं. एक, दोन, तीन, चार. पाच. सहा. सात. आठ.