सुंदरबाईच्या पाठीसाठी घेतलेली गाडी

बद्रीनाथांनी सगळी नोकरी गेवराई आगारात काढली. एसटीचा ड्रायव्हर म्हणून लागले, ड्रायव्हर म्हणूनच निवृत्त झाले. चकलांब्यात त्यांच्याबद्दल एकच गोष्ट सांगितली जायची: बॉनेट न उघडता, नुसत्या आवाजावरून ते इंजिनाची तब्येत सांगतात. ते खरंही होतं.

निवृत्तीचा पैसा हातात आला तेव्हा घरात दुसरा कोणताच विषय नव्हता. गाडी घ्यायची, आणि ती बायकोसाठी, सुंदरबाईसाठी. तिच्या कण्यातला एक मणका सरकलेला. खड्डा लागला की कळ थेट पायात उतरायची. ऑपरेशनाने बरं वाटेल याची खात्री डॉक्टर देत नव्हते. तिची आई साखराबाई घाटनांदूरला, नव्वदीच्या पुढची. चकलांब्यापासून तिथवर एसटीने जायचं म्हणजे सुंदरबाई पोचल्यावर दोन दिवस उठायची नाही. मग ती जाणंच टाळू लागली.

मुलगा भागवत बाजार समितीत नोकरीला. त्याने नवीन गाडी ठरवली होती. मध्यम किमतीची, उंच बांध्याची, सगळं धरून बारा लाखांची. त्याच भावात संभाजीनगरच्या एका जुन्या गाड्यांच्या दुकानात दहा वर्षं वापरलेली जर्मन गाडी उभी होती. नवी असताना तिला साठ लाखांच्या वर पडले होते.

तिघांनी एकाच दिवशी दोन्ही गाड्यांतून फेरी मारून पाहिली. नवीन गाडीत सुंदरबाई म्हणाली, "बरी हाय." स्पीडब्रेकर आला तेव्हा मात्र तिने सीटची कड घट्ट धरली. जर्मन गाडीत ती मागे टेकून बसली आणि पैठण रस्त्याच्या खराब तुकड्यावरही काही बोलली नाही. बद्रीनाथांनी आरशातून पाहिलं. तिचे डोळे मिटलेले होते. झोप लागली होती.

"हिला स्प्रिंगा नाहीत काका," दुकानदार सांगत होता. "चारही चाकांवर हवेचे फुगे आहेत. म्हणून धक्का लागत नाही. आणि गाडी चाललीय किती? नव्वद हजार. डॉक्टरांच्या बंगल्यात उभीच असायची."

बद्रीनाथांनी इंजिन ऐकलं. कुठेही खरखर नाही. धूर नाही, तेल गळत नाही.

परत येताना भागवत म्हणाला, "अण्णा, नवीला तीन वर्षं वॉरंटी हाय. काही बिघडलं तर कंपनी बघंल. सर्व्हिस बीडातच व्हते."

"नवी दारातून भाईर काढली की लाखाच्या वर भाव उतरतो तिचा, ते न्हाई धरलं तू," बद्रीनाथ म्हणाले. "हिचा जेवढा उतरायचा तेवढा उतरून गेला."

"पण हिचं सामान कुठं मिळतं, काय पडतं, ते तरी इचारा."

"इंजिन खणखणीत हाय. मी उभा जल्म इंजिनं ऐकली."

भागवतने सुंदरबाईकडे पाहिलं. ती म्हणाली, "मला कोणतीबी चालंल. पण हिच्यात दुखलं न्हाई."

तिथेच ठरलं.

पहिले चार महिने खरोखर सुखाचे गेले. सुंदरबाई तीन वेळा घाटनांदूरला जाऊन आली. बीड, मांजरसुंबा, केज, अंबाजोगाई असा सगळा रस्ता ती बसून गेली आणि उतरल्याबरोबर आईच्या केसांना तेल लावायला बसली. साखराबाईला आता नीट दिसत नव्हतं. तिने गाडीच्या दारावरून हात फिरवला आणि म्हणाली, "लई गुळगुळीत हाय गं."

मग सर्व्हिस आली. ती बीडला होत नव्हती, संभाजीनगरला जावं लागलं. बिल चाळीस हजारांच्या वर. टायर वरून चांगले दिसत होते, पण जुने होऊन कडक झालेले, बाजूंना बारीक भेगा. चार टायरांत लाख गेला. उसाच्या ट्रॉलीमागे असताना दगड उडून एक दिवा फुटला. विमा होता, पण एवढ्या जुन्या गाडीला पूर्ण भरपाईचा विमा मिळत नाही. प्लास्टिकच्या भागाचे निम्मे पैसे कापले गेले. नव्या दिव्याचं बिल बद्रीनाथांनी दोनदा वाचलं. एसटीत असं सामान आगारातून यायचं, त्याची किंमत त्यांना कधी ठाऊकच नव्हती.

पावसाळा संपता संपता एका सकाळी गाडीचा पुढचा डावा कोपरा खाली बसलेला दिसला. इंजिन चालू केलं की हळूहळू वर यायचा. संभाजीनगरच्या गॅरेजवाल्या सुग्रीवने फुगा दाखवला. रबराच्या घडीत भेग होती.

"पण गाडी तर कमी चाललीय," बद्रीनाथ म्हणाले.

"रबर वयानं जातं हो. उभ्या गाडीचंबी जातं. सकाळी गिऱ्हाईक यायच्या आधी इंजिन लावलं असंल दुकानवाल्यांनी, म्हणून तुमाला दिसलं न्हाई. चारीबी बदला, आणि हवा भरणारा कॉम्प्रेसरबी. गळती भरून काढायला तो सारखा पळतोय."

सगळ्याचा आकडा ऐकून बद्रीनाथांनी एकच फुगा बदलला, तोही दुरुस्त केलेला जुना. बाकीचे आणखी वर्षभर निघतील असं त्यांनी स्वतःला समजावलं. इंजिन तर ठणठणीत होतं.

दिवाळीनंतर कॉम्प्रेसर जळाला. गाडी अंगणात चारही बाजूंनी खाली बसली, चाकं मडगार्डला टेकली. चालवून नेणं शक्यच नव्हतं. संभाजीनगरहून उचलून नेणारा ट्रक आला. गाव बघायला जमलं. सामान दिल्लीहून यायचं होतं, कधी ते सुग्रीवलाही सांगता येईना.

गाडी तिकडे असतानाच घाटनांदूरहून सुंदरबाईच्या भावाचा फोन आला. साखराबाईने अन्न सोडलं होतं आणि ती सारखी सुंदरबाईचं नाव घेत होती.

भागवतने उमापूरहून भाड्याची जीप आणली. मागच्या सीटवर गादी टाकून सुंदरबाईला आडवं केलं. बीडपर्यंत तिने दात दाबून काढलं. मांजरसुंब्याचा घाट चढताना ती ओरडली. जीप थांबवली, पुढे वीसच्या वेगाने नेली, पुन्हा थांबवली. नेकनूरजवळ ती म्हणाली, "मला इथंच खाली ठिवा. तुमी जावा." बद्रीनाथ रस्त्याच्या कडेला तिचा पाय धरून बसले.

केजच्या पुढे पुन्हा फोन आला. आई गेली होती.

अंधार पडायच्या आत उरकायचं म्हणून तिकडे कोणी थांबलं नव्हतं; ते पोचले तेव्हा लोक स्मशानातून परतत होते. सुंदरबाईला दोघांनी उचलून ओसरीवर निजवलं. वहिनी वच्छलाबाई तिच्याजवळ बसली. "दोनदा इचारलं त्यांनी, गाडी आली का म्हणून," ती म्हणाली. नंतर तिलाच वाटलं की बोलायला नको होतं.

गाडी दुरुस्त झाली नाही. कॉम्प्रेसर, तीन फुगे, आणि मध्येच गिअरबॉक्सही झटके देऊ लागलेला. एवढा खर्च घालूनही पंधरा वर्षांची नोंदणी संपायला चारच वर्षं उरली होती. आहे तशी विकली, तेव्हा अडीच लाख आले. घेणाऱ्याला फक्त इंजिन हवं होतं. त्याने ते चालू करून ऐकलं आणि मान डोलावली.

भागवतने ठरवलेली गाडी आता महाग झाली होती आणि तेवढे पैसे उरले नव्हते. भागवत बापाला एक शब्दही बोलला नाही. बोलला असता तर बद्रीनाथांना बरं वाटलं असतं.

घाटनांदूरला वर्षश्राद्ध होतं तेव्हा भाऊ न्यायला तयार होता. सुंदरबाई नको म्हणाली. बद्रीनाथांनी भाड्याच्या मोठ्या गाडीचं विचारलं.

"कावून जायचं?" ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली. "तिथं कोण हाय आता?"

बद्रीनाथ तिच्या पाठीला लावायचं तेल गरम करायला आत गेले.