वन्संचं शेवटचं कार्ड

माझ्या वन्सं म्हणजे ह्यांच्या थोरल्या बहीण. लग्न केलं नाही, आमच्याच घरी राहिल्या. सव्वीस वर्षं एका फ्रिज-वॉशिंग मशीनच्या कंपनीत काढली. पहिली दहा गिऱ्हाइकांचे तक्रारीचे फोन घेण्यात आणि पुढची सोळा, फोन कसा घ्यायचा हे नव्या मुलामुलींना शिकवण्यात. कामावर सगळे त्यांना 'ताई' म्हणत. घरात त्या कमी बोलायच्या. "दिवसभर बोलून जीभ झिजते, घरी आल्यावर तिला सुट्टी," असं म्हणायच्या.

मी रोज देवापुढे बसते आणि मग वहीत चार ओळी लिहिते. त्या तीन आठवड्यांची पानं भरगच्च आहेत. त्यांतूनच हे लिहिते आहे.

आवाज बसला म्हणून वन्सं डॉक्टरांकडे गेल्या आणि घशात गाठ निघाली. स्वरयंत्र काढावं लागेल, तारीख तीन आठवड्यांनंतरची, असं सांगितलं. वन्संनी एकच विचारलं, "नंतर बोलता येईल?" डॉक्टर म्हणाले, "पूर्वीसारखं नाही." घरी येताना रिक्षात मी रडले. त्या मात्र बाहेर बघत बसल्या.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरांनी त्यांना बोलावलं. माणूस वाईट नव्हता. म्हणाले, "ताई, मुख्य कार्यालयातून चौसष्ट स्लाइडचं नवं सादरीकरण आलंय. त्यावरून रोल-प्लेचा संच करून द्या. प्रसंग, कार्डं, निरीक्षकाची यादी, सगळं. तुम्ही वर्गात नसतानाही टीम लीडरना तो चालवता आला पाहिजे. तसा चालला, तर मी वर सांगतो की ताईंना लेखनाच्या कामावर ठेवू. त्याला आवाज लागत नाही."

वन्संना घरात कोण उपाशी ठेवणार होतं? पण ज्या बाईला सोळा वर्षं रोज वीस माणसं 'ताई' म्हणून हाक मारतात, तिला घरात नुसतं बसणं म्हणजे काय, ते मला कळत होतं.

स्वयंपाकघरातलं टेबल त्यांचं ऑफिस झालं. मी भाजी निवडत असायची आणि त्या स्लाइडच्या कागदांवर रेघा मारत असायच्या. एकदा बसलेल्या आवाजात म्हणाल्या, "वहिनी, ऐक. 'ग्राहकाशी आपुलकीने बोला.' चौसष्ट स्लाइडमध्ये हे अकरा वेळा आलंय. बोला म्हणजे काय करा, ते एकदाही नाही."

त्यांनी सहा प्रसंग निवडले. चौसष्ट स्लाइडना चौसष्ट प्रसंग नकोत. मुलं नेमकी कुठे अडखळतात, तेवढेच घ्यायचे, असं त्यांचं म्हणणं. प्रत्येक प्रसंगाला तीन कागद. फोन घेणाऱ्याच्या कार्डावर त्याला पडद्यावर दिसेल तेवढंच : नाव, मशीनचं मॉडेल, आधीच्या दोन तक्रारी. गिऱ्हाइकाच्या कार्डावर तो कशाने चिडलाय, कोणती गोष्ट विचारल्याशिवाय सांगायची नाही आणि काय ऐकलं की शांत व्हायचं. तिसरा कागद निरीक्षकाचा. तो गप्प बसून खुणा करणार.

पहिली चाचणी घरीच झाली. मी गिऱ्हाईक, धाकटी लेक फोन घेणारी, हे आणि वन्सं निरीक्षक. माझ्या कार्डावर होतं : मशीन दोनदा दुरुस्त झालं, तिसऱ्यांदा माणूस आलाच नाही, त्यासाठी रजा फुकट गेली. आणि न विचारता सांगायचं नाही असं : घरी सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, रोज चादरी धुवाव्या लागतात.

मी म्हटलं, "अहो, माणूस आला नाही तुमचा."

लेक म्हणाली, "माफ करा हं मॅडम."

"असू दे, असू दे."

वन्संनी कपाळाला हात लावला. "वहिनी, तू भांडायच्या आधीच माफ करतेस!"

"आई, परवा भाजीवाल्याला धरलं होतंस ना, तशी भांड," लेक म्हणाली.

मग मी भांडले. इतकी, की हे म्हणाले, "जरा जपून, हा राग माझ्यावरचा तर नाही ना?" वन्सं त्या दिवशी हसल्या. हसताना आवाज आला नाही, नुसते खांदे हलले.

मग दोघांच्या याद्या शेजारी ठेवल्या. 'आपुलकी दाखवली' यापुढे ह्यांची बरोबरची खूण, वन्संची फुली.

"का रे, बरोबर कसं?"

"गोड बोलली की पोरगी."

"गोड म्हणजे? तू काय ऐकलंस ते सांग. शब्द सांग."

ह्यांना शब्द सांगता येईना. वन्संनी ती ओळ खोडली आणि तिच्या जागी तीन लिहिल्या. गिऱ्हाइकाची अडचण आपल्या शब्दांत परत सांगितली. माफी नेमकी कशाबद्दल, ते सांगितलं. घरी काय खोळंबलंय, ते विचारलं. "दोन माणसं ऐकतील आणि दोघांची खूण एकाच जागी पडेल, तीच ओळ ठेवायची," त्या म्हणाल्या. "बाकी सगळं निरीक्षकाच्या मनातलं असतं." प्रत्येक ओळीपुढे, कानावर पडलेले शब्द लिहायला जागा ठेवली. आठच्या वर ओळी घेतल्या नाहीत. बारा झाल्या तर माणूस खुणाच करत बसतो, ऐकायचं राहून जातं.

पुन्हा केलं. या वेळी लेकीने विचारलं, "तुमची घरी काय अडचण होतेय?" आणि मी सासूबाईंचं सांगायला लागले. सांगता सांगता कार्ड बाजूलाच राहिलं. माझ्या सासूबाईंच्या, म्हणजे वन्संच्या आईच्या शेवटच्या वर्षी चादरी मीच धुतल्या होत्या. तो प्रसंग वन्संनी आमच्याच घरातून उचलला होता. बघितलं तर त्या मान खाली घालून खुणा करत होत्या.

दहा-अकरा दिवसांत पाच प्रसंग बसले, सहावाही होत आला. राहिलं ते शेवटचं कार्ड. रोल-प्ले संपल्यावर काय बोलायचं, त्याचं. ही चर्चा वन्संची खासियत होती. आधी फोन घेणाऱ्याला विचारायचं, तुला काय जमलं, काय अडलं. मग गिऱ्हाइकाला, कोणत्या वाक्याला तू मऊ झालास. निरीक्षक सगळ्यांत शेवटी, आणि त्याने यादीतलंच वाचायचं, शेरे मारायचे नाहीत. कुठे थांबायचं, कोण रडवेला झालाय, कुणाला दुसऱ्यांदा करायला द्यायचं, हे त्या कानाने ओळखायच्या. ते कागदावर कधीच नव्हतं.

हे म्हणाले, "ताई, माझं ऐक. बाकी सगळं दे, हे देऊ नको. एक पान आपल्या हातात ठेव. ते नसलं तर त्यांचं गाडं अडेल आणि तुला बोलावतील. सगळं देऊन टाकलंस तर तुझी गरज काय?"

 हे बाहेर गेल्यावर वन्सं माझ्याकडे वळल्या. "वहिनी, तुला काय वाटतं?"

मी पोळ्या लाटत होते. जराही न थांबता म्हणाले, "वन्सं, हातचं राखून केलेलं काम देवाला पोचत नाही. तुम्ही पुरं करून द्या. तो बघतोय."

त्यांनी पेन हातात घेतलं. मग कागद पुढे ओढला. चर्चेचं कार्ड दोन दिवस लिहीत होत्या. अकरा प्रश्न, कोणी रागावलं तर काय, कोणी गप्प झालं तर काय, सगळं. सोळा वर्षांचं कानातलं काढून त्यांनी कागदावर ठेवलं.

चाचणीच्या दिवशी सोबत म्हणून मी गेले. ट्यूबलाइटची लांबट खोली, खुर्च्यांची तीन टोळकी. प्रत्येक टोळक्यात एक गिऱ्हाईक, एक फोन घेणारा आणि खूण जुळते का हे बघायला मुद्दाम दोन निरीक्षक. वन्संनी तोंड उघडायचं नाही असं ठरलं होतं. आम्ही दोघी मागच्या भिंतीशी बसलो. चष्मेवाली टीम लीडर कार्ड वाचून वर्ग चालवत होती.

एका टोळक्यातला मुलगा गिऱ्हाईक होऊन असा ओरडला की शेजारचे दचकले. समोरची मुलगी भांबावली, पण तिने विचारलं, "सर, घरी काय खोळंबलंय?" मुलाचा आवाज आपोआप खाली आला. वन्संनी माझा हात दाबला.

चर्चाही झाली. ती भांबावलेली मुलगी रडवेली झाली, तेव्हा चष्मेवालीने कार्डाकडे बघितलं आणि निरीक्षकांना थांबवून आधी तिला विचारलं, "तुला काय जमलं ते सांग." अगदी वन्संसारखं. शब्दही वन्संचेच.

आठ ओळी, तीन टोळकी, म्हणजे चोवीस जागा. दोन्ही निरीक्षकांच्या खुणा बावीस जागी जुळल्या. मॅनेजर उभे राहिले आणि टाळ्या वाजवत म्हणाले, "ताई, तुम्ही एक शब्द बोलला नाहीत आणि सगळं पार पडलं!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. मनात म्हटलं, देवा, तू पावलास.

चार दिवसांनी मॅनेजर स्वतः घरी आले. चहाचा कप हातात धरून बसले, प्यायले नाहीत. "ताई, मी वर सांगितलं. खूप सांगितलं. ते म्हणाले, संच पूर्ण आहे, चालतोय, आता लिहायचं काय राहिलं? लेखक कशासाठी?" मग माझ्याकडे बघून म्हणाले, "इतकं चोख काम मी बघितलं नाही हो." हे माझ्याकडे बघत होते. काहीच म्हणाले नाहीत. म्हणाले असते तर बरं झालं असतं.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी वन्संच्या खोलीत गेले. म्हटलं, "माझं चुकलं. मी देवाचं नाव पुढे केलं. तुमचा भाऊ म्हणत होता ते ऐकायला हवं होतं."

त्या घोगऱ्या, तुटक आवाजात म्हणाल्या, "तू नसतं सांगितलंस तरी दिलं असतं." पाण्याचा घोट घेतला. "पण तू जरा वेळ विचार करायला हवा होतास, वहिनी."

त्यांच्या तोंडून मी ऐकलेलं हे शेवटचं पुरं वाक्य. मी ते वहीत लिहून ठेवलंय. 

आता गळ्याला छिद्र आहे, त्यावर मऊ कापड असतं. काही सांगायचं असलं की त्या पाटीवर लिहितात. प्रार्थना मी रोज करते, पण मागायचं धैर्य होत नाही. नुसती हात जोडून बसते.

परवा दुपारी चष्मेवालीचा फोन आला. "काकू, ताईंना जरा विचाराल? चौथ्या प्रसंगात फोन घेणाऱ्याने पर्यायी मशीन देऊ केलं तर गिऱ्हाइकाने काय म्हणायचं? कार्डावर नाहीये. नवी बॅच बसलीये, थांबलेत सगळे."

हे पेपर खाली ठेवून म्हणाले, "सांगू नको. फुकट नाही. हवं असेल तर कामावर घ्या म्हणावं."

मी फोन हातात धरून उभी राहिले. या वेळी मी काही बोलले नाही. प्रश्न तेवढा वन्संना सांगितला आणि थांबले.

त्यांनी पाटी घेतली. खडू धरला, ठेवला.  फोनमधून त्या खोलीचा आवाज येत होता. खुर्च्या सरकत होत्या, कोणीतरी हसत होतं. वन्संनी हाताने खूण केली, फोन जवळ आण. मी कानाशी धरला. डोळे मिटून त्या तेवढं ऐकत राहिल्या.

मग पाटीवर लिहिलं, 'आधी नाही म्हणायचं. केव्हा मिळेल ते सांगितलं, तरच हो.'

मी ते वाचून दाखवलं. चष्मेवाली "थँक्यू काकू, कार्डात घालते," म्हणाली आणि फोन ठेवला.