साठ शब्दांतलं कुलूप

फ्रेंच माणूस कुऱ्हाडीबद्दल सांगायला बसला तरी सुरुवात गावाच्या इतिहासापासून करणार. नमनाला घडाभर तेल! संग्रहालयांतल्या भिंतीवरच्या पाट्या आणि ऑडिओ गाइडची निवेदनं फ्रेंचमधून आटोपशीर इंग्रजीत आणणं हे माझं काम. दोनशे शब्दांचे साठ करायचे. बघणारा उभा असतो, त्याचे पाय दुखत असतात, म्हणून पाटी समोरच्या वस्तूपासून सुरू करायची. त्यामुळं पहिला परिच्छेद दिसला की माझे हात शिवशिवायचे. काटछाटीत माझा हात धरणारं कोणी नाही, असा मला माजच होता.

त्या उन्हाळ्यात एका फ्रेंच संग्रहालयाचं काम आलं. जालना रोडकडच्या आमच्या नव्या कॉलनीत तेव्हा चौथ्या दिवशी टँकर यायचा. कुऱ्हाडीची पाटी मी सकाळीच उरकली. दुष्काळात उपाशी गावकऱ्यांनी या कुऱ्हाडीनं धान्यकोठाराच्या रखवालदाराचं डोकं फोडलं. लोखंडी पातं, लाकडी दांडा, अमुक शतक. अठ्ठावन्न शब्द. पाठवून दिली.

दुपारी खाली आरडाओरडा झाला म्हणून गॅलरीत गेले. आमच्या कुंपणाला लागून वस्ती होती, बिल्डिंगच्या कितीतरी आधीची. तिथल्या लोकांना आमच्या बोअरचा एक नळ सोडलेला होता. सोसायटीच्या सेक्रेटरींनी तीन दिवसांपूर्वी त्याला कुलूप घातलं होतं. माझ्याकडं धुणंभांडी करणारी मावशी, मूळची पाचोडकडची, त्या कुलपावर स्टीलचा हंडा आपटत होती. सेक्रेटरी धावत आले. त्यांनी तिचे केस धरून तिला फरफटत मागं ओढलं, पोटात लाथ घातली. ती उठली आणि तोच हंडा तिनं त्यांच्या कपाळावर घातला. एकदा नाही, दोनदा. रक्त त्यांच्या पांढऱ्या शर्टावरून खाली आलं आणि पाण्याची वाट बघणाऱ्या रिकाम्या कळश्यांवर उडालं. मग आमच्या बिल्डिंगमधले दोघेतिघे तिच्यावर तुटून पडले. मी वरून ओरडलेही नाही.

तासाभरानं सेक्रेटरी डोक्याला पट्टी बांधून दारात. तुम्हाला थोडक्यात लिहिता येतं, म्हणाले, तुम्हाला काय दिसलं तेवढं पोलिसांसाठी लिहून सही करा. मी लिहिलं. अमुक वाजता या बाईनं स्टीलच्या हंड्यानं सेक्रेटरींच्या कपाळावर दोन वार केले, रक्तस्राव झाला. आठ ओळी. एक अक्षर खोटं नव्हतं. संध्याकाळच्या आत पोलीस मावशीला घेऊन गेले.

दुसऱ्या दिवशी फ्रान्सहून फोन आला. प्रदर्शन मांडणाऱ्या क्युरेटर बाई शांतपणे बोलत होत्या, आणि तेच मला जास्त लागलं. त्या म्हणाल्या, "तुमचं सगळं खरं आहे. पण कुलूप कुठं गेलं?"

कुलूप मूळ फ्रेंच मजकुराच्या पहिल्या परिच्छेदात होतं. गावातली पोरं मरत असताना कोठार बंद ठेवलेलं. कुऱ्हाड आधी कुलपावर पडली, रखवालदारानं माणसं झोडपली, त्यानंतर ती त्याच्या डोक्यात गेली. आजवर संग्रहालयानं ती 'खुनी कुऱ्हाड' म्हणून दाखवली, म्हणजे कुलपाचीच बाजू घेतली, हे त्यांचं म्हणणं. सगळं प्रदर्शन त्यावर उभं होतं आणि मी तेच नमन समजून छाटलं होतं.

पाटी अजून छापायला गेली नव्हती. मी पुन्हा बसले. "पात्याच्या कोपऱ्यात खाच आहे, बघा. ती कोठाराच्या कुलपामुळं पडली." इथून सुरुवात केली. वस्तू समोरचीच, पण आता कुलूप आधी आलं, मार नंतर, डोकं शेवटी. लाकूड, शतक सगळं उडवलं. एकोणसाठ शब्द भरले. ऑडिओत 'खाच बघा' म्हटल्यावर तीन सेकंद थांबायला सांगितलं. वाचून बघितलं. काल मी काय लिहून दिलं होतं ते तेव्हा कळलं मला.

तशीच पोलीस ठाण्यात गेले. मावशी बाकावर बसली होती, एक डोळा सुजून बंद झालेला. तिनं मला शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

"ताई, तुमी वरून बघत व्हत्या की. कुलपाचं का नाय लिव्हलं?"

मी ठाण्यातल्या साहेबांकडं कागद मागितला. ते म्हणाले, पुरवणी जबाब द्या, पण तुमचाच पहिला कागद आधी वाचला जाईल, आणि थोडक्यात लिहा. मी साडेतीन पानं लिहिली, तीन दिवसांच्या कोरड्या नळापासून.

सही करताना टेबलाखाली हंडा दिसला. त्याच्या बुडाला कुलपाचा खोल पोचा पडला होता. गळ्यात सुतळीनं बांधलेली चिठ्ठी होती, तिच्यावर लिहिलं होतं: मारहाणीत वापरलेला हंडा.