भोकांचा पुठ्ठा आणि पुरणपोळीचा विग्रह

तुमच्या मुलीला एकाच प्रश्नाची दोन उत्तरं शिकवली जातात, एक समजण्यासाठी आणि एक मार्कांसाठी, हे तुम्हाला माहीत आहे का? मला माहीत होतं. कारण ती दोन्ही उत्तरं मीच शिकवत होते.

बारामतीत भरतीच्या परीक्षांची तयारी करून घेणाऱ्या एका खाजगी क्लासमध्ये मी दोन वर्षं मराठी व्याकरण शिकवलं. इंदापूरहून रोज सकाळच्या एसटीनं यायचे. क्लासचे मालक स्वतः सामान्यज्ञान शिकवायचे. त्यांना सगळे मोठे सर म्हणत. त्यांनी फार वर्षांपूर्वी स्वतःच्या हातानं काढलेल्या व्याकरणाच्या नोट्स छापून घेतल्या होत्या. पिवळ्या कव्हरची ती वही बारामतीपासून निमगाव केतकीपर्यंत प्रत्येक झेरॉक्सच्या दुकानात लटकलेली असे.

माझ्याबद्दल एवढंच सांगते की आमच्या घरात पुस्तकं कमी आणि पत्रकं जास्त होती. वडील कामगारांच्या संघटनेत. छापून आलेल्या पत्रकांचे गठ्ठे पलंगाखाली असत आणि मी अक्षरं त्यांवरूनच शिकले. ‘अन्याय सहन करणार नाही’ हे वाक्य मला बाराखडी पुरी व्हायच्या आधी वाचता येत होतं. कॉलेजात मी स्वतः चार पत्रकं काढली. त्यामुळे मला वाटायचं, मी कुठेही गप्प बसणाऱ्यातली नाही.

समास शिकवायला मला मनापासून आवडायचं. मी फळ्यावर आधी नाव लिहीत नसे. शब्द लिहायचा आणि मुलांना तो फोडायला लावायचा. गायरान. कशाचं रान? ‘गाईचं’ म्हणून दोन-तीन जण ओरडत. मग मी विचारायचे, गाईचं म्हणजे गाईच्या मालकीचं का? सात-बारा गाईच्या नावावर आहे का? हसत हसत कुणीतरी म्हणे, न्हाय मॅडम, गाईसाठी सोडलेलं. झालं. गाईसाठी रान, चतुर्थी तत्पुरुष. बरेवाईट म्हणजे बरे किंवा वाईट, वैकल्पिक द्वंद्व. मीठभाकर म्हणजे फक्त मीठ आणि भाकर नाही, सोबत कांदा, चटणी, जे असेल ते, म्हणून समाहार द्वंद्व. विग्रह बरोबर झाला की समासाचं नाव आपोआप तोंडावर येतं, नाव पाठ करून विग्रह येत नाही, हे मी रोज सांगायचे.

एकदा मागच्या बाकावरून प्रश्न आला, “मॅडम, एमआयडीसीचा समास कुठला?”

शेजारचा म्हणाला, “त्यो समास न्हाय गड्या, आपलं भविष्य हाय.” वर्ग हसला. तिसऱ्या बाकावरची एक मुलगी हसली नाही.

ती अंथुर्ण्याची. वडील गावात शिवणकाम करायचे. घरातली पहिलीच पदवीधर, आणि फौजदार व्हायचं म्हणून रोज बसनं येणारी. तिच्यापुढची अट घरातूनच ठरलेली होती, ती तिनं मला एकदा डबा खाताना सांगितली. क्लासमध्ये दिवाळीनंतर एक विशेष बॅच निघे. सराव परीक्षेत पहिले वीस येतील त्यांना त्यात प्रवेश, राहायची सोय, पुढचं वर्षभर शिकवणी. त्यात नाव आलं तर वडील आणखी एक वर्ष शिकू देणार होते. नाही आलं तर लोणी देवकरच्या कारखान्यात पॅकिंगला जायचं. नोकरी मामानं बोलून ठेवली होती.

पिवळ्या वहीत पुरणपोळी हा शब्द षष्ठी तत्पुरुषाच्या यादीत होता. विग्रह, पुरणाची पोळी. मी त्या शब्दापाशी थांबले आणि वर्गाला विचारलं, ज्वारीची भाकरी म्हणतो तेव्हा भाकरी कशाची असते? ज्वारीच्या पिठाची. मग पोळी पुरणाची असते का? अंथुर्ण्याची ती मुलगी म्हणाली, पोळी कणकेचीच असते मॅडम, पुरण आत भरायचं असतं. मी म्हटलं, बरोबर. पुरण भरून केलेली पोळी. ‘भरून केलेली’ हे मधले शब्द गळाले. म्हणून हा मध्यमपदलोपी.

आणि मग मी ते वाक्य बोलले जे आम्ही सगळेच शिक्षक तिथं बोलायचो. म्हटलं, हे समजून घ्या, पण पेपरात मात्र नोट्समधलं लिहा. मुलांनी माना डोलावल्या. त्यांना हा रिवाज पहिल्या आठवड्यातच कळलेला असे. छापलं ते उत्तर.

सराव परीक्षेचा मराठीचा भाग मी काढला. पुरणपोळीचा प्रश्न जुन्याच संचातून आला. चार पर्याय होते, पुरणाची पोळी षष्ठी तत्पुरुष, पुरण आणि पोळी इतरेतर द्वंद्व, पुरण भरून केलेली पोळी मध्यमपदलोपी, पुरण हीच पोळी कर्मधारय. उत्तरतालिका मोठ्या सरांच्या कपाटातली, पिवळ्या वहीबरहुकूम. तिच्यावर मी नजर फिरवली का? फिरवली. त्या ओळीशी थांबले का? थांबले नाही. ते खरं आहे, इथं लपवून काय करू.

तपासायची पद्धत अशी. उत्तरपत्रिकेच्या मापाचा एक पुठ्ठा असतो. उत्तरतालिकेप्रमाणे बरोबर गोळ्यांच्या जागी त्याला पंचनं भोकं पाडलेली असतात. पुठ्ठा उत्तरपत्रिकेवर ठेवायचा, भोकातून जेवढे काळे ठिपके दिसतील तेवढे मोजायचे, कोपऱ्यात आकडा टाकायचा. प्रश्न वाचायची गरजच नाही. दुपारभरात मी सगळा गठ्ठा संपवला. तिचाही ठिपका त्यात होता. योग्य जागी होता. पुठ्ठ्याखाली झाकलेला होता.

यादी लागली. ती एकविसावी. विसाव्या मुलापेक्षा एक मार्क कमी.

दुसऱ्या दिवशी ती प्रश्नपत्रिका घेऊन आली. तिनं रडारड केली नाही. माझ्यापुढे कागद ठेवला, त्यावर विग्रह लिहिला, समासाचं नाव लिहिलं आणि म्हणाली, “मॅडम, हे तुमीच शिकवलंय.”

मी तिला म्हटलं, अगं, पेपरात नोट्समधलं लिहायचं सांगितलं होतं ना. ती म्हणाली, “नोट्समधलं मलाबी पाठ हाय. पण मला खरं कुठलं ते कळलं होतं. मग खोटं कसं काळं करू?”

मी तिला घेऊन मोठ्या सरांच्या खोलीत गेले. जाताना माझ्या अंगात वडिलांची सगळी पत्रकं संचारली होती. आत गेल्यावर मी नीट सांगितलं, की उत्तर चुकीचं आहे, पुठ्ठ्याचं भोक चुकीच्या जागी आहे, सगळे पेपर परत तपासले पाहिजेत. विसाव्या मुलानं पहिला पर्याय काळा केलाय, त्याचा एक मार्क जाईल, हिचा एक वाढेल.

मोठे सर म्हणाले, लोपी काय अन् षष्ठी काय, शेवटी दोन्ही तत्पुरुषच. मी म्हटलं, मग पर्याय वेगवेगळे कशाला छापले? त्यावर त्यांनी विषय बदलला. त्या मुलाच्या वडिलांचे पेढे वाटून झालेत. त्याला काढून हिला घेतली तर दारात माणसं उभी राहतील. मी म्हटलं, एकवीस घ्या. ते म्हणाले, एकवीस घेतले की बाविसावा येतो. आणि वही चुकली असं एकदा म्हटलं की ती वही घेणार कोण?

मग त्यांनी तिच्याकडे पाहिलं. “तुमच्यात पुरणपोळी करत्यात व्हय गं?”

ती म्हणाली, “होळीला शेजारच्या काकूंच्या घरी दरसाल मीच लाटते, सर. पुरण भाईर येऊ न देता.”

सर हसले. वाईट माणसाचं हसू नव्हतं ते, थकलेल्या दुकानदाराचं होतं. मग त्यांनी मला विचारलं, “मॅडम, खरं सांगा. पेपरात काय लिहायचं म्हणून वर्गात सांगितलं होतं तुमी?”

ती माझ्याकडे बघत होती. मला एवढंच म्हणायचं होतं, की मी जे समजावलं तेच हिनं लिहिलं, चूक माझी आणि वहीची आहे. पण त्या खोलीत मला माझी नोकरी दिसली, जूनमधली नवी बॅच दिसली. मी म्हणाले, “नोट्समधलं लिहा, असं सांगितलं होतं.”

हे खोटं नव्हतं. म्हणूनच ते मला आजवर धुऊन काढता आलेलं नाही.

तिनं प्रश्नपत्रिकेची घडी घातली, सरांना नमस्कार केला आणि गेली. दोन दिवसांनी तिचे वडील क्लासच्या ग्रंथालयाची पुस्तकं परत करायला आले. मोठे सर त्यांना म्हणाले, चाचा, पोरगी हुशार हाय, पुढच्या साली बघू. त्यांनी मान हलवली आणि पुस्तकांवर घातलेली कव्हरं सरळ केली. जुन्या कापडाच्या तुकड्यांची कव्हरं होती ती, कडा शिवलेल्या.

मी बॅच संपेपर्यंत तिथंच शिकवलं. राजीनामा वगैरे पत्रकातच शोभतो असं त्या दिवसांत मी स्वतःला सांगत होते. नंतर सोडलं, पण ते सोडणं कुणाच्या उपयोगाचं नव्हतं.

पुढच्या वर्षी पावसाळ्याच्या शेवटी ती मला निमगाव केतकीच्या आठवडे बाजारात भेटली. कंपनीचं ओळखपत्र गळ्यात, हातात भाजीची पिशवी. बोटांना चिकटपट्टीचे काप पडलेले. कामाची पाळी बदलते म्हणाली, अभ्यासाला वेळ होत नाही म्हणाली. तक्रार केली नाही. निघताना तिनं एकच विचारलं.

“मॅडम, नव्या वहीत तेवढं दुरुस्त झालं का?”

झालं नव्हतं. बाजाराच्या कडेला झेरॉक्सच्या दुकानात नवी पिवळी वही लटकलेली होती, मी येताना उघडून पाहिली होती. तिला मी खरं ते सांगितलं. ती म्हणाली, “मग तुमी तरी खोडायचं की एखाद्या वहीतलं.” आणि बसकडे गेली.

मी परत दुकानात गेले. दुकानदाराला विचारून त्याच्याकडच्या सातही वह्यांमध्ये ती ओळ पेनानं खोडली आणि शेजारी लिहिलं, पुरण भरून केलेली पोळी, मध्यमपदलोपी. दुकानदार म्हणाला, आता ह्या खपायच्या न्हाईत. मी सातही विकत घेतल्या. त्या घरी पलंगाखाली पडून आहेत, जिथं पत्रकं असायची.

सात वह्यांनी काही होत नाही. म्हणून तुम्हाला सांगते आहे. आज तुमच्या घरातल्या मुलाची किंवा मुलीची व्याकरणाची वही उघडा. समासांच्या यादीतले दहा शब्द त्यांना तोंडानं फोडायला लावा आणि त्या विग्रहाचा अर्थ विचारा. जिथं छापलेलं उत्तर अर्थाशी जुळत नाही, तिथं ते पेनानं खोडा, बरोबर उत्तर शेजारी लिहा आणि ती वही घेऊन क्लासच्या दारात जा. मोठ्या सरांशी बोला. आणि तिथल्या मराठीच्या मॅडमना सगळ्यांसमोर विचारा, वर्गात त्यांनी नेमकं काय सांगितलं होतं.